फोटोवरची चिठ्ठी

नालासोपाऱ्याच्या फलाटावर विरार लोकलची वाट बघणाऱ्या कुणाच्याही अंगठ्याकडे लक्ष ठेवा. त्याने फोटो काढला की तो व्हॉट्सअॅप उघडायला जात नाही. गॅलरीतच फोटो उघडून शेअर दाबतो, खालून वर सरकणाऱ्या पट्टीतलं हिरवं चिन्ह टिपतो, ग्रुप निवडतो आणि बाण दाबून मोकळा होतो. आधी अॅप, मग चॅट, मग पेपरक्लिप, मग गॅलरी असा सरळ रस्ता असताना हा उलटा रस्ता आला कुठून?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: वेबवरून. 2006 मध्ये अॅलेक्स किंग यांनी ब्लॉगसाठी शेअरची खूण काढली, फेसबुक-ट्विटरची बटणं प्रत्येक पानाखाली आली आणि तीच पुढे फोनमध्ये शिरली. चिन्हापुरतं हे मला मान्य आहे. पण चिन्ह म्हणजे कूळ नव्हे. वेबपानाखालची बटणं पान बनवणाऱ्याने आधीच बसवलेली असतात. आपल्या फोनमध्ये काय काय आहे ते त्यांना ठाऊक नसतं. गॅलरीतला मेनू मात्र प्रत्येक फोनमध्ये वेगळा दिसतो. नवं अॅप घेतलं की त्याचं नाव आपसूक यादीत येतं, काढून टाकलं की जातं. ही यादी गॅलरी बनवणाऱ्याने लिहिलेली नसते. मग ती लिहितं कोण?

मी या विषयाच्या नादी लागलो तो या प्रश्नामुळे. अॅपच्या पोटात एक छोटा जाहीरनामा असतो. अँड्रॉइडवर फोटो स्वीकारणारं अॅप त्यात साधारण असं लिहितं:

```
<intent-filter>
  <action android:name="android.intent.action.SEND" />
  <category android:name="android.intent.category.DEFAULT" />
  <data android:mimeType="image/*" />
</intent-filter>
```

म्हणजे, 'कुणी काही पाठवत असेल आणि ते चित्र असेल, तर मला हाक मारा.' गॅलरी कुणाचंच नाव घेत नाही. ती फोटोवर `image/jpeg` अशी चिठ्ठी लावून फोनच्या हवाली करते, आणि ज्यांनी ज्यांनी हात वर केलाय त्यांची यादी फोन पुढे करतो. सगळा खेळ त्या चिठ्ठीचा आहे, आणि ती चिठ्ठी फोनची नाहीच. ती ईमेलची आहे.

ईमेल मुळात निव्वळ इंग्रजी अक्षरांचं. 11 मार्च 1992 रोजी अमेरिकेत बेलकोर या टेलिफोन-संशोधन कंपनीतल्या नॅथॅनियल बोरेनस्टाइन यांनी नव्या पद्धतीने जोडपत्रं लावून एक ईमेल पाठवलं. त्यात चौघा गाणाऱ्यांचा फोटो होता आणि त्यांचं गाणं. बोरेनस्टाइन स्वतः त्या चौघांपैकी एक. त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी बसवलेल्या या पद्धतीचं नाव माइम. प्रत्येक जोडपत्रावर आधी जात, मग तिरकी रेघ, मग पोटजात: चित्र असेल तर `image`, आवाज असेल तर `audio`. त्याच वर्षी बोरेनस्टाइन यांनी मेलकॅप नावाची एक साधी यादीही मांडली. कुठल्या चिठ्ठीची वस्तू कुठल्या प्रोग्रामने उघडायची, ते तिच्यात एकेका ओळीत लिहायचं. `image/*` मधला तो तारा, म्हणजे 'चित्राची कुठलीही पोटजात चालेल', तिथेही आहे. मेलकॅपची ओळ आणि वरचा जाहीरनामा शेजारी ठेवून बघा, नाक-डोळे जुळतात.

फरक एवढाच की मेलकॅप आलेली वस्तू उघडायला होती आणि आपला मेनू वस्तू धाडायला आहे. हा उलटा फेरा कुणी मारला, यावर तीन दावे आहेत.

पहिला विंडोज 95 चा. फाइलवर उजवं बटण दाबलं की 'सेंड टू' येई आणि त्यात फ्लॉपी, मेल वगैरे असे. हा दावा मी निकालात काढतो. ती यादी म्हणजे एका फोल्डरमधले शॉर्टकट. फोटो असो की पत्र, तीच यादी. चिठ्ठी कुणी वाचतच नव्हतं.

दुसरा अॅपलच्या न्यूटनचा, 1993. त्याच्या पडद्यावर लिफाफ्याचं बटण होतं. ते दाबलं की छापा, फॅक्स करा, इन्फ्रारेडने धाडा, मेल करा असे पर्याय. आधी वस्तू, मग वाट, हा क्रम इथे स्पष्ट दिसतो, त्यामुळे न्यूटनला मी आजोबांचा मान देतो.

बाप मात्र पाम, असं माझं ठाम मत. पामच्या हातातल्या यंत्रांत 1998 पासून इन्फ्रारेडने नोंदी धाडता येत. 2001 च्या आवृत्तीत 'सेंड' आलं आणि कशाने पाठवू हे विचारणारी चौकटही. शिवाय आपण कुठल्या जातीची वस्तू स्वीकारतो, हे घेणाऱ्या प्रोग्रामने आधी नोंदवायचं, आणि त्या नोंदीत माइमची चिठ्ठी चालायची. म्हणजे दोन्ही अर्धे भाग एका छपराखाली. पुढे पामचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पामसोर्समधली माणसं गूगलमध्ये गेली. अँड्रॉइडची चौकट घडवणाऱ्या डायॅन हॅकबॉर्न त्यांतल्याच. 2008 च्या पहिल्याच अँड्रॉइडमध्ये ही सोय तयार होती. माणसं तीच आणि कल्पनाही तीच, तर मी याला योगायोग म्हणणार नाही. आयफोनने बाहेरच्या अॅपना आपल्या शेअरच्या पट्टीत रीतसर जागा दिली ती थेट 2014 मध्ये.

आपल्याकडे पाम कुणी पाहिला होता? वसई-विरारच्या हातांना ही सवय लावली नोकियाने. फोटो उघडा, ऑप्शन्स, सेंड, व्हाया ब्लूटूथ. स्मार्टफोन आला तेव्हा अंगठा आधीच तयार होता, फक्त ब्लूटूथच्या जागी हिरवं चिन्ह आलं.

या रस्त्याचा एक गुण म्हणा की खोड, पण ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. 10 जुलै 2018 ला नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून पश्चिम रेल्वे ठप्प झाली. नेमक्या त्याच दिवशी व्हॉट्सअॅपने पुढे ढकललेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड' हा शिक्का लावायला सुरुवात केली. अफवांवरून जीव जात होते. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना ठेचून मारल्याला दहा दिवसही झाले नव्हते. पण हा शिक्का संदेशाला लागतो, फोटोला नाही. आलेला फोटो गॅलरीत उतरवून तिथून शेअर केला, की व्हॉट्सअॅपच्या लेखी तो तुमचा नवाकोरा फोटो. चिठ्ठीवर फक्त 'चित्र' एवढंच असतं, कुठून आलं ते नसतं. मागच्या पावसाळ्यातले बुडालेले रूळ 'आत्ताचे' म्हणून फिरायला एवढी फट पुरते. अॅप एक खूण मात्र सोडतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपने उतरवलेल्या फोटोचं नाव `IMG-20180710-WA0003.jpg` अशा धाटणीचं असतं. आकडे तो फोनवर आला त्या तारखेचे, काढला त्या तारखेचे नव्हेत.

दुसरी खोड झेरॉक्सवाल्याला विचारा. आधारकार्डाचा फोटो गॅलरीतून शेअर केला की चिठ्ठी वाचून व्हॉट्सअॅप त्याला चित्र समजतं आणि चेपतं. 4000 बाय 3000 ठिपक्यांचा फोटो साध्या दर्जात साधारण 1600 बाय 1200 होऊन पोचतो. कार्डाने फोटोची निम्मी रुंदी व्यापली असेल, तर मूळ फोटोत कार्डाच्या वाट्याला 2000 ठिपके होते, आता 800. मोठी अक्षरं निभावतात, पण पत्त्याच्या बारीक ओळी छापल्यावर माखल्यासारख्या दिसतात. ऑगस्ट 2023 पासून पाठवण्याआधी एचडी निवडता येतं, पण तेही मूळ नव्हे, कमी चेपलेलं.

म्हणून काउंटरमागून आवाज येतो, ''काका, डॉक्युमेंट करून पाठवा.'' म्हणजे काय, तर गॅलरी बंद करा, व्हॉट्सअॅप उघडा, दुकानाचं चॅट, पेपरक्लिप, डॉक्युमेंट आणि मग फोटो. त्या वाटेने गेलेल्या फोटोला अॅप नुसती फाइल मानतं आणि हात लावत नाही.