उंचीमापन
बीएमआय काढण्यासाठी भिंतीच्या आधाराने केलेली उंचीची मोजणी. बीएमआय म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. त्यामुळे उंचीतली चूक निर्देशांकात सुमारे दुपटीने उतरते.

तळाशी पट्टी नसलेल्या भिंतीशी, कडक जमिनीवर अनवाणी उभे राहावे. टाचा भिंतीला, गुडघे ताठ, नजर समोर ठेवावी. डोक्यावर सपाट फळी भिंतीशी काटकोनात टेकवून केस दाबावेत आणि फळीच्या खालच्या कडेशी खूण करावी. पोक काढल्यास किंवा मान झुकवल्यास उंची कमी भरते.

दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची सुमारे १ सेंमी. घटते. ६७ किलो वजनाच्या व्यक्तीची उंची सकाळी १६४ सेंमी. असल्यास बीएमआय २४.९ येतो; संध्याकाळी १६३ भरल्यास २५.२, तर सकाळीच ३ सेंमी. टाचेच्या चपलांसह मोजल्यास २४.० येतो. म्हणून तुलनेसाठी प्रत्येक वेळी एकाच सुमारास, अनवाणीच मोजावे.