बसचा सवलतीचा पास ऑनलाइन काढताना: जन्मतारीख, नाव आणि फोटो कसे जुळवावे

पवईहून कांजूरमार्ग स्टेशन, साकीनाका किंवा मरोळकडे रोज बेस्टने जाणाऱ्या घरांत बहुधा दोघांना सवलतीचा पास लागतो. एक शाळा-कॉलेजात जाणारं मूल आणि दुसरे घरातले बुजुर्ग. बेस्टचा पास चलो अ‍ॅपवरून काढता येतो. अ‍ॅपमध्ये पास विभाग उघडून बेस्ट निवडायचं, मग विद्यार्थी किंवा ज्येष्ठ नागरिक हा प्रकार निवडायचा. नाव आणि जन्मतारीख भरायची, फोटो व पुरावा अपलोड करायचा. तपासणी होऊन मंजुरी आली की पैसे भरायचे. एवढं सोपं असूनही अर्ज अडतो, कारण भरलेली माहिती आणि जोडलेला कागद एकमेकांशी जुळत नाही.

आधी बुजुर्गांचं पाहू. समजा, दादांच्या आधारवर पूर्ण तारीख नाही, फक्त १९६२ हे साल आहे. नावनोंदणीच्या वेळी कागद नसेल तर अंदाजे साल लिहिलं जायचं, म्हणून असं दिसतं. त्यांच्या जुन्या मतदार ओळखपत्रावर "१ जानेवारी १९९५ रोजी वय ३४" असं छापलंय. म्हणजे जन्म २ जानेवारी १९६० ते १ जानेवारी १९६१ यांच्या दरम्यानचा. पॅन कार्डावर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९६० आहे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना अनेकांना १ जून हीच तारीख मिळाली, त्यामुळे त्यात नवल नाही.

आता दादांनी कोणता कागद जोडावा? ज्यावर पूर्ण तारीख आहे आणि जो दुसऱ्या एखाद्या कागदाशी जुळतो तो. इथे पॅन आणि दाखला जुळतात, मतदार ओळखपत्रही त्यांना दुजोरा देतं. आधार मात्र दोन वर्षं मागे पडतं. म्हणून अर्जात १ जून १९६० भरावं आणि पॅन जोडावं. तारीख एका कागदाची आणि पुरावा दुसऱ्याचा, असं करू नये. आधार हा मुळात ओळखीचा कागद आहे. वय ठरवण्यासाठी त्यापेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य, असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटलं. सवडीने आधारही दुरुस्त करून घ्या, पण जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, म्हणून भक्कम कागद हातात घेऊनच केंद्रावर जा.

मुलांच्या बाबतीत तारखेपेक्षा नाव जास्त अडवतं. आधारवर आडनाव आधी, शाळेच्या नोंदीत शेवटी. कुठे "मोहम्मद" पूर्ण, कुठे "मोहद" असं तोडलेलं. "शेख"चं इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात दोन-तीन तऱ्हेचं सापडतं. शाळेतून बोनाफाईड घेताना तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि शैक्षणिक वर्ष वाचून घ्या. सही-शिक्का स्पष्ट उमटला आहे का, तेही बघा. चूक असेल तर पेनने खाडाखोड न करता नवं मागा. मग बोनाफाईडवर जसं नाव आहे, अक्षरन् अक्षर तसंच अर्जात भरा.

फोटो अलीकडचा, समोरून काढलेला, साध्या फिक्या भिंतीसमोरचा असावा. जुन्या पासपोर्ट साइज फोटोचा मोबाइलने फोटो काढला की त्यावर चकाकी येते आणि चेहरा पुसट होतो. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला चेहराही असाच फुटतो. टोपी, ओढणी किंवा हिजाबची अडचण नसावी, मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा उघडा दिसू द्या. भारतीय पासपोर्टच्या फोटोलाही हाच नियम आहे. बसमध्ये हाच फोटो माणसाशी ताडून बघतात. कागदाचा फोटो काढताना चारही कोपरे आत येऊ द्या, आणि पाठवण्याआधी मोठा करून तारीख वाचता येते का ते तपासा.

एक गोष्ट लोक विसरतात. अ‍ॅपवरचा पास त्या मोबाइलवरच असतो. दादांचा पास मुलाच्या फोनवर काढला आणि मुलगा कामावर गेला, तर दादांना पूर्ण तिकीट काढावं लागेल. त्यांच्याकडे स्मार्टफोन नसेल तर चलो कार्डाची विचारणा कंडक्टरकडे किंवा डेपोत करावी.

शेवटी, एका ठिकाणची सवलत दुसरीकडे चालते असं समजू नका. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं तिकीट आहे, आणि ७५ पूर्ण झाल्यावर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पण ही सवलत बेस्टच्या बसमध्ये लागू नाही. मेट्रो २अ आणि ७ वर मे २०२३ मध्ये ६५ वर्षांवरील ज्येष्ठ आणि बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत सुरू झाली, तीही मुंबई वन कार्डावरील पासवर. पैसे भरण्याआधी बेस्टची वयाची अट अ‍ॅपमध्ये वाचून घ्या, आणि पासवर आलेलं नाव, तारीख व मुदत एकदा कागदाशी ताडून बघा.