क्रिएटिन आणि ‘ॲनाबॉलिक विंडो’

क्रिएटिन : स्नायूंत साठणारे नत्रयुक्त संयुग. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल यांनी १८३२ मध्ये ते मांसाच्या अर्कातून वेगळे केले. यकृत आणि मूत्रपिंडे मिळून ते रोज सुमारे १ ग्रॅम तयार करतात; मांस-मासे खाणाऱ्यांना साधारण तेवढेच आहारातून मिळते. शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत मुळातच साठा कमी असतो, म्हणून पूरक क्रिएटिनचा फरक त्यांना सहसा अधिक जाणवतो.

जड वजन उचलताना स्नायूंतील एटीपी काही सेकंदांतच संपू लागते. फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट देऊन ते पुन्हा भरते. साठा वाढला की एका सेटमध्ये एखाद-दुसरे रेप जास्त निघते, आणि महिनोन्‌महिने साचलेल्या या जादा कामातून ताकद व स्नायू वाढतात. पहिल्या आठवड्यात वाढणारे किलो-दीड किलो वजन मात्र बहुतांशी पाण्याचे असते.

हॅरिस, सॉडरलुंड व हुल्टमन यांनी १९९२ मध्ये दाखवले, की तोंडावाटे घेतलेल्या क्रिएटिनने स्नायूंतील साठा वाढतो. १९९६ मध्ये हुल्टमन यांच्या गटाला आढळले, की रोज २० ग्रॅम सहा दिवस घेतले काय किंवा रोज ३ ग्रॅम चार आठवडे घेतले काय, साठा सारख्याच पातळीला पोहोचतो. घेणे थांबवल्यावर तो ओसरायलाही काही आठवडे लागतात. इतक्या संथपणे भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या साठ्याला आजचा डोस सहा वाजता आला की नऊ वाजता, याने फरक पडण्याचे कारण दिसत नाही. व्यायामानंतर घेतलेले क्रिएटिन किंचित सरस ठरू शकते, असा २०१३ चा एक छोटा अभ्यास सांगतो. पण त्यात १९ जण होते, कालावधी चार आठवड्यांचा होता आणि फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता. तेवढ्यावर वेळेचा नियम उभा करता येत नाही.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या-एक तासात प्रथिने न घेतल्यास मेहनत वाया जाते, ही ‘ॲनाबॉलिक विंडो’ची कल्पना आयव्ही आणि पोर्टमन यांच्या २००४ च्या पुस्तकाने विशेष लोकप्रिय केली. तिला आधार अजिबात नव्हता असे नाही. २००१ च्या एका डॅनिश प्रयोगात व्यायामानंतर लगेच पूरक आहार घेणाऱ्या वृद्धांचे स्नायू वाढले, दोन तासांनी घेणाऱ्यांचे वाढले नाहीत. मात्र त्यात अवघे १३ पुरुष होते. शॉनफेल्ड, अरागॉन आणि क्रिगर यांनी २०१३ मध्ये वीसहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिवसभरातील एकूण प्रथिने हिशेबात धरताच वेळेचा परिणाम नाहीसा झाला. ‘लगेच’ घेणारे अनेकदा एकूणच जास्त प्रथिने घेत होते. शिवाय व्यायामानंतर स्नायूंतील प्रथिननिर्मिती निदान २४ तास वाढलेली राहते. एका दिवसात दोनदा दमछाक करणारे सराव असतील, तेव्हा मात्र ग्लायकोजेन भरून काढण्यासाठी लवकर पिष्टमय अन्न घेणे खरोखर उपयोगी असते.

उदाहरणादाखल ७० किलो वजनाचा शाकाहारी घेऊ. दर किलोमागे १.६ ग्रॅम या हिशेबाने त्याला दिवसाला सुमारे ११२ ग्रॅम प्रथिने लागतील. दुपारी एकला पोळी, डाळ, दही आणि १०० ग्रॅम पनीर खाल्ले, तर साधारण ३५ ग्रॅम मिळतात. व्यायाम साडेसहाला आणि जेवण नऊला असेल, तर दोन जेवणांमध्ये आठ तास जातात, आणि एवढे अंतर लांबच. पाच वाजता ग्लासभर दूध आणि मूठ-दोन मूठ फुटाणे घेतले, तर सुमारे १८ ग्रॅमची भर पडते आणि व्यायामानंतर धावतपळत शेक पिण्याची गरज राहत नाही. खरी अडचण नाश्ता आणि रात्रीच्या जेवणातून प्रत्येकी ३० ग्रॅम मिळवण्याची आहे; पोहे आणि चहावर ती सुटत नाही. पहाटे उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्याने मात्र नंतर लवकर खावे.

बाजारातील क्रिएटिनचे महागडे प्रकारही पुराव्यावर टिकत नाहीत. क्रिएटिन इथाइल एस्टर आणि ‘बफर्ड’ क्रिएटिन यांची साध्या मोनोहायड्रेटशी तुलना झाली आहे; ते सरस ठरले नाहीत. पाण्यात विरघळवून बराच काळ ठेवलेल्या क्रिएटिनचे हळूहळू क्रिएटिनिन होते, म्हणून तयार द्रवरूप बाटल्या टाळाव्यात. रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेट, कोणत्याही जेवणाबरोबर, पुरेसे आहे.

क्रिएटिनपासून शरीरात क्रिएटिनिन तयार होते आणि रक्ततपासणीत त्याचाच आकडा मूत्रपिंडाच्या कामाचा निदर्शक मानला जातो. त्यामुळे क्रिएटिन घेणाऱ्या निरोगी माणसाचाही आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. शंका असल्यास सिस्टॅटिन-सी ही वेगळी चाचणी डॉक्टर करून घेतात. निरोगी व्यक्तींत नेहमीच्या मात्रेने मूत्रपिंड बिघडल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रिएटिन सुरू करू नये, आणि इतरांनीही तपासणीच्या वेळी आपण ते घेत असल्याचे सांगावे.