कौटुंबिक समझोता (वारसाहक्काच्या जमिनीची वाटणी)

वारसाहक्काने मिळालेली जमीन भावंडांनी न्यायालयात न जाता परस्पर संमतीने वाटून घेण्याचा करार. तो तोंडी झाला तरी वैध ठरतो. प्रश्न येतो तो कागद केल्यावर. वाटणी आधीच झाली आणि तिची आठवण म्हणून यादी लिहिली, तर नोंदणीची गरज नसते. पण हक्क त्या कागदानेच निर्माण होत असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. म्हणून ‘आज वाटून देत आहोत’ आणि ‘पूर्वीच वाटून घेतले आहे’ या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. मात्र न घडलेली वाटणी मागील तारखेची दाखवणे खोटेपणाच होय.

‘काले’ खटल्यात (१९७६) नातेवाइकांनी तोंडी समझोता करून महसूल अधिकाऱ्यास कळवला, त्याप्रमाणे नोंदी झाल्या आणि काही वर्षांनी एका पक्षाने तो नाकारला. समझोत्याचा लाभ घेतलेल्यास नंतर तो मोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

महाराष्ट्रात सर्व सहधारकांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. दोन भाऊ व एक बहीण यांची १२० गुंठे जमीन समान वाटली, तर प्रत्येकास ४० गुंठे मिळतात. विहीर व वहिवाटीची वाट सामाईक राहत असल्यास पाण्याची पाळीही लिहावी. बहिणीला हिस्सा नको असल्यास तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. तिला वगळून केलेली वाटणी तिच्यावर बंधनकारक नसते.