मराठा युद्धपद्धतीतील भाला

भाला हे लांब दांड्याच्या टोकाला धातूचे पाते बसवलेले, भोसकण्यासाठी वापरले जाणारे शस्त्र आहे. मराठा सैन्यात, विशेषतः घोडदळात, तलवारीच्या बरोबरीने त्याचा वापर होत असे. तलवारीला दरबारात व लोकस्मृतीत अधिक मान मिळाला, तरी सामान्य सैनिकाचे मुख्य शस्त्र म्हणून जगातील बहुतेक सैन्यांत भाला अधिक काळ टिकला. बंदुकीच्या युगातही तो संगिनीच्या रूपाने पायदळाच्या हाती राहिला. पोहोच, खर्च, प्रशिक्षण आणि रांगेतील उपयोग ही त्यामागील चार प्रमुख कारणे मानली जातात. ही कारणे कोठे लागू पडतात व कोठे पडत नाहीत, हे नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासातील उदाहरणांवरून पाहता येते.

## प्रकार व रचना

मराठीत या शस्त्राच्या निरनिराळ्या प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत. घोडेस्वाराच्या लांब व हलक्या शस्त्राला सामान्यतः भाला म्हणत. बरची त्याहून आखूड असे. सांग या प्रकारात पात्यासह दांडाही लोखंडी असे. त्यामुळे ती जड पण न मोडणारी होती. विटा हा मराठ्यांचा वैशिष्ट्यपूर्ण प्रकार होता. त्याच्या दांड्याला दोरी बांधलेली असून तिचे दुसरे टोक स्वाराच्या मनगटाला असे, त्यामुळे फेकलेला विटा परत ओढून घेता येई.

घोडेस्वाराच्या भाल्याचा दांडा बांबूचा असे. त्यासाठी भरीव किंवा जवळजवळ भरीव बांबू लागतो. विदर्भात मानवेल या नावाने ओळखला जाणारा, चंद्रपूर, गडचिरोली व गोंदिया भागांतील जंगलांत वाढणारा बांबू या कामाचा आहे. कोरड्या जमिनीवर वाढलेल्या मानवेलीची भिंत जाड व पोकळी अरुंद असते. असा बांबू तोडून सावलीत वाळवतात, विस्तवावर शेकून सरळ करतात आणि मग त्यावर पाते चढवतात. पात्याच्या मागील भागाला पोकळ नळी असते; तिच्यात दांड्याचे टोक घट्ट बसवून आडवा खिळा मारला जातो. दुसऱ्या टोकालाही लोखंडी अणी बसवतात. तिच्यामुळे भाला जमिनीत रोवता येतो, दांड्याचे टोक फाटत नाही आणि पात्याच्या वजनाला तोल मिळतो.

बांबू लाकडाप्रमाणे एकदम तुटत नाही, तो वाकतो व उभा चिरतो. त्यामुळे आघाताचा काही भाग दांड्यातच जिरतो आणि स्वाराच्या मनगटाला कमी हिसका बसतो. मात्र कीड लागलेला किंवा पेऱ्यापाशी चिरलेला दांडा पहिल्याच आघातात दगा देतो. चांगला दांडा आपटल्यावर खणखणीत वाजतो, चिरलेल्याचा आवाज बद्द येतो.

## पोहोच

भाल्याचा पहिला फायदा लांबीचा आहे. तीन मीटर लांबीचा भाला स्वाराने मागच्या टोकापासून एक मीटरवर धरला, तर मुठीपुढे दोन मीटर भाग उरतो. तलवारीचे पाते साधारणपणे ८० ते ९० सेंटीमीटर असते. दोघांच्या हाताची लांबी सारखी धरल्यास भालाईताला सुमारे १.१ ते १.२ मीटर अधिक पोहोच मिळते.

पायी लढणाऱ्यांमध्ये हे अंतर मोलाचे ठरते. तलवार चालवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला या पट्ट्यातून पुढे यावे लागते आणि तेवढ्या वेळात भालाईताला एक भोसकणी मिळते. ती चुकली किंवा ढालीवर गेली, तर मात्र चित्र उलटते. तलवारधारी पात्याच्या आत शिरला की लांब दांडा अडचण होतो. म्हणून भालाईत कमरेला तलवार किंवा कट्यार बाळगत असे. या अर्थाने तलवार नाहीशी झाली नाही, ती दुय्यम शस्त्र झाली.

घोडेस्वाराच्या बाबतीत लांबीचा आणखी एक उपयोग होता. जमिनीवर बसलेल्या किंवा आडव्या झालेल्या शिपायापर्यंत खोगिरावरून तलवार पोहोचणे कठीण असते, भाला मात्र सहज पोहोचतो. पळणाऱ्या शत्रूच्या पाठलागातही हीच गोष्ट निर्णायक ठरे, कारण त्याला गाठण्यासाठी घोडा अगदी बरोबरीला आणावा लागत नसे.

## खर्च

तलवारीच्या पात्यात सुमारे पाऊण मीटरभर पोलाद एकसारखे हवे असते. ते कोठे ठिसूळ राहिले तर मोडते, कोठे मऊ राहिले तर वाकते. पाणी देताना पाते वेडेवाकडे झाले, तर सारे कष्ट वाया जातात. म्हणूनच दख्खनमध्ये युरोपातून आलेल्या पात्यांना मागणी होती आणि अशा तलवारींना फिरंगी हे नाव पडले.

भाल्याचे पाते आखूड असते. त्यास लागणारे लोखंड तलवारीच्या मानाने थोडे, आणि त्याच्या मध्यभागी थोडा दोष असला तरी काम अडत नाही. गावचा लोहार ते घडवू शकतो. दांडा जंगलातून मिळतो व मोडल्यास बदलता येतो, पाते पुन्हा वापरात येते.

या फरकाचे महत्त्व मराठा घोडदळाच्या रचनेत दिसते. घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा सरकारकडून किंवा सरदाराकडून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन येई. शिलेदाराची सर्वांत मोठी गुंतवणूक घोड्यात असे, त्यामुळे लढाईत सहज गमावल्या जाणाऱ्या शस्त्राचा खर्च कमी असणे त्याच्या हिताचे होते. मोठ्या संख्येने स्वार उभे करणाऱ्या सरदारालाही हाच हिशेब लागू होता. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळात, १७४१ ते १७५१ या दशकात, नागपूरच्या सैन्याने बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. त्या स्वारांना बंगालीत पडलेले ‘बर्गी’ हे नाव ‘बारगीर’ या शब्दावरूनच आले आहे.

## प्रशिक्षण

तलवारीचा वार परिणामकारक होण्यासाठी पात्याची धार हालचालीच्या दिशेत नेमकी राहावी लागते. ती थोडी जरी तिरपी झाली, तर वार घसरतो. शिवाय त्याच पात्याने वार अडवणे, पाय टाकणे आणि ढालीशी मेळ साधणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. पायदळातील भालाईताला यातील बरेच काही लागत नाही. टोक शत्रूकडे ठेवणे, शेजाऱ्याबरोबर राहणे व भोसकून लगेच मागे घेणे एवढे त्याला थोड्या दिवसांत शिकवता येते. तातडीने उभ्या केलेल्या सैन्याच्या हाती भाला देण्याचे हे मोठे कारण होते.

घोडेस्वाराबाबत हे विधान तसेच लागू पडत नाही. धावत्या घोड्यावरून भाला नेमका लावणे आणि लागल्यावर तो काढून घेणे अवघड असते. टोक अडकले व स्वाराने मूठ सोडली नाही, तर तो स्वतःच खोगिरावरून खेचला जाऊ शकतो. यासाठी पाते लागताच मनगट सैल सोडून घोड्याच्या गतीनेच भाला मागे खेचून घेण्याचा सराव करावा लागे. मराठ्यांत त्यासाठी बोथाटीचा खेळ होता. बोथाटी म्हणजे टोकाला कापडाचा गोळा बसवलेला बिनपात्याचा भाला. तिने इजा न होता एकमेकांवर सराव करता येई. जमिनीत ठोकलेली मेख भरधाव घोड्यावरून भाल्याने उपटण्याचा खेळही याच कौशल्यासाठी होता व तो आजही खेळला जातो.

## रांगेतील उपयोग

तलवार फिरवण्यास बाजूला मोकळी जागा लागते, भाला सरळ रेषेत चालतो. त्यामुळे भालाईत खांद्याला खांदा लावून उभे राहू शकतात, आणि मागच्या रांगांचे भालेही पुढच्यांच्या मधून बाहेर येतात. प्राचीन मॅसेडोनियाचे व पंधराव्या-सोळाव्या शतकांतील स्वित्झर्लंडचे पायदळ याच तत्त्वावर लढे. अशा रांगेसमोरील एकट्या तलवारधाऱ्याला एकाच वेळी अनेक टोकांना तोंड द्यावे लागते. घोडेही अशा भिंतीवर सहसा चाल करत नाहीत.

मराठ्यांची पद्धत वेगळी होती. गनिमी काव्यात स्वार विखरून येत, रसद तोडत आणि शत्रूची फळी विस्कटली की तुटून पडत. येथे भाल्याचा उपयोग रांगेच्या भिंतीपेक्षा वेगवान पाठलागासाठी अधिक झाला. गडाचा दरवाजा, अरुंद जिना किंवा दाट झाडी अशा ठिकाणी मात्र लांब दांडा फिरत नाही. तेथे तलवार, पट्टा व कट्यारच उपयोगी पडत.

### सीताबर्डीची लढाई

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपुरात झालेली सीताबर्डीची लढाई भाल्याच्या मर्यादा दाखवते. आजच्या धंतोली वसाहतीच्या उत्तरेला असलेल्या सीताबर्डीच्या टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीचे सुमारे १,४०० सैनिक कर्नल स्कॉट याच्या हाताखाली होते. त्यांना अप्पासाहेब भोसल्यांच्या कितीतरी पट मोठ्या फौजेने वेढले. भोसल्यांच्या बाजूने मुख्य जोर अरब पायदळाचा व तोफांचा होता. २७ तारखेला त्यांनी दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी जिंकलीही. त्यानंतर कॅप्टन फिट्झजेराल्ड याने बंगाल घोडदळाच्या मोजक्या तुकड्या घेऊन मैदानातील स्वारांवर हल्ला केला व तोफा काबीज केल्या. दुपारपर्यंत लढाईचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

कंपनीच्या त्या स्वारांचे मुख्य शस्त्र तलवार होते. एकत्र, एका वेगाने व हुकमानुसार आलेल्या छोट्या तुकडीपुढे संख्येने मोठे पण विखुरलेले घोडदळ टिकले नाही. भाल्याची अधिक पोहोच, रांग नसेल तर, एकट्या स्वारापुरतीच उरते, हे यावरून स्पष्ट होते. टेकडीवरील पायदळाच्या हाती संगीन लावलेल्या बंदुका होत्या. संगिनीसह अशा बंदुकीची लांबी दोन मीटरच्या जवळपास जाते, म्हणजे गोळी झाडून झाल्यावर ती आखूड भाल्याचेच काम देते.

## उत्तरकाळ

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय धर्तीच्या पायदळातून साध्या शिपायाची तलवार गेली. ती अधिकाऱ्यांपुरती उरली, संगीन मात्र राहिली. घोडदळात दोन्ही शस्त्रे बराच काळ सोबत होती. ब्रिटिश भारतीय सैन्यातील अनेक स्वार पलटणींनी बांबूचे भाले वापरले, आणि स्वाराने स्वतःचा घोडा आणण्याची तेथील पद्धत ‘शिलेदार’ या शब्दावरून ‘सिल्लादार’ म्हणून ओळखली गेली. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर घेताना जोधपूर व म्हैसूर संस्थानांच्या भालाईत स्वारांनी केलेला हल्ला हा या शस्त्राच्या शेवटच्या मोठ्या वापरांपैकी एक होय. १९२७ मध्ये ब्रिटिश सैन्याने लढाऊ शस्त्र म्हणून घोडदळाचा भाला रद्द केला. मराठीत ‘भालदार’ व ‘भालेराव’ या शब्दांतून त्याची आठवण शिल्लक आहे.