1978 सालचं एक पुस्तक आणि आपला स्टॉपलॉस

वाळूजमधून शिफ्ट संपवून घरी जाताना ऐकणाऱ्यांची संख्या आपल्याकडे बरीच आहे. तुमच्याकडून सारखा येणारा प्रश्न म्हणजे, "स्टॉपलॉस किती टक्क्यांवर लावायचा?" माझ्या मते टक्के विचारणं हीच पहिली गडबड आहे. ती कशी, हे समजायला 1978 साली जाऊ.

त्या वर्षी वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरने तांत्रिक विश्लेषणावर एक पुस्तक काढलं. आरएसआय त्यातलाच. पण मला त्यातला एटीआर, म्हणजे अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज, जास्त मोलाचा वाटतो.

वाइल्डरचा बाजार होता कमोडिटी फ्युचर्सचा. तिथे दिवसाला भाव किती हलू शकतो याची मर्यादा असायची. मोठी बातमी आली की भाव उघडतानाच त्या मर्यादेला जाऊन चिकटायचा. मग दिवसाचा उच्चांक आणि नीचांक एकच! दोन्हींची वजाबाकी शून्य, म्हणजे कागदावर बाजार शांत आणि ट्रेडर मात्र बुडालेला.

आपल्या जाधववाडीचं उदाहरण घ्या. समजा काल टोमॅटो 20 रुपयांवर थांबला आणि आज सौदे 26 ते 28 मध्येच झाले. दिवसभराची हालचाल 2 रुपये, पण काल माल विकून बसलेल्याला विचारा! त्याच्यासाठी भाव 8 रुपये हलला. वाइल्डरने रात्रीची ही उडी हिशेबात घेतली. कालचा बंद भाव आजच्या पट्ट्याबाहेर राहिला, तर पट्टा तिथपर्यंत ताणायचा. ही झाली ट्रू रेंज.

खरा आकडा हवा? 4 जून 2024, लोकसभेचा निकाल. निफ्टी आदल्या दिवशी साधारण 23,264 वर बंद झाला होता. त्या दिवशी तो सुमारे 23,180 वर उघडला, तोच उच्चांक ठरला, आणि खाली 21,281 पर्यंत गेला. साधी रेंज 1,899, ट्रू रेंज 1,983.

आता स्टॉपकडे येऊ. दोन शेअर धरा, दोन्ही 1,000 रुपयांचे. पहिल्याचा एटीआर 12 रुपये, दुसऱ्याचा 45. दोघांना 5 टक्के स्टॉप लावला तर अंतर 50 रुपये. पहिल्यासाठी ही चार दिवसांची हालचाल झाली, दुसऱ्यासाठी जेमतेम एका दिवसाची. म्हणजे दुसऱ्यात काहीही बिघडलेलं नसताना तुम्ही बाहेर फेकले जाणार. त्याऐवजी दोन एटीआर इतकं अंतर ठेवलं, तर स्टॉप येतात 976 आणि 910 वर.

"अरे, 90 रुपयांचा तोटा?" हो, पण शेअर कमी घ्यायचे ना! एका सौद्यात 1,800 रुपये गमवायची तयारी असेल तर पहिल्याचे 75 घ्या, दुसऱ्याचे 20. नेहमीच्या दिवशी स्टॉप लागला तर दोन्हीकडे तोटा साधारण तेवढाच. 1983 च्या सुमारास शिकागोत रिचर्ड डेनिसने शिकवलेले 'टर्टल' ट्रेडर असंच करायचे, 20 दिवसांचा एटीआर आणि दोनपट अंतर. वाइल्डर स्वतःच्या व्होलॅटिलिटी पद्धतीत 7 दिवसांचा एटीआर घेऊन त्याच्या तीनेक पट अंतर ठेवायचा.

आज चार्टवर ATR टाकलं की बहुधा 14 दिवसांचा दिसतो. यात कालच्या एटीआरला 13 ने गुणायचं, आजची ट्रू रेंज मिळवायची आणि 14 ने भागायचं. फक्त कालचा आकडा लक्षात ठेवायचा, हाताने करायला सोपं. पण यामुळे आकडा विसरायला वेळ लावतो. हिशेबासाठी 4 जूनपूर्वीचा एटीआर 250 धरू. त्या एका दिवसाने तो 374 होतो. वाढलेल्या 124 पैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगवटा चौदा सत्रांनंतरही उरतो. बाजार निवळलेला असतो, तुमचा नवा स्टॉप मात्र अजून घाबरलेलाच. म्हणून माझा आग्रह असा की खरेदीच्या दिवशी ठरलेला स्टॉप एटीआर वाढला म्हणून खाली सरकवू नका. वर न्यायचा तर न्या.

आणि ज्या अडचणीतून हे सगळं जन्माला आलं, ती आपल्याकडे अजून आहे. 5 टक्के सर्किटचा 200 रुपयांचा शेअर लोअर सर्किटला 190 वर उघडून तिथेच अडकला, की चार्टवर कँडलऐवजी नुसती आडवी रेघ दिसते. साधी रेंज शून्य, ट्रू रेंज 10 रुपये. एटीआर ही पडझड बरोबर मोजतो. पण तुमचा स्टॉप 192 वर असला तरी ऑर्डर ट्रिगर होऊन रांगेत पडून राहते, कारण समोर घेणाराच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा 5 टक्के गेले तर भाव 180.50. तेव्हा चार्टवर अशा आडव्या रेघा वरचेवर दिसणारा शेअर असेल, तर एटीआर काढण्याआधी तो घ्यायचाच का, हे ठरवा.