एमडीएमए : शरीरातील उष्मा आणि पाण्याचा अतिरेक

‘एक्स्टसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीतील मुख्य द्रव्य म्हणजे एमडीएमए. ॲम्फेटामाइनच्या कुळातील हे उत्तेजक मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायने एकदम मोठ्या प्रमाणावर मोकळी करते. त्यामुळे उल्हास वाटतो, थकवा जाणवत नाही आणि माणूस तासन्‌तास नाचू शकतो. या द्रव्यामुळे होणाऱ्या मृत्यूंची कारणे पाहिली, तर दोन परस्परविरोधी वाटणारी कारणे ठळकपणे पुढे येतात. काही जण शरीर प्रमाणाबाहेर तापल्याने दगावले, तर काही जण त्या तापण्याच्या भीतीने पाणी पीत राहिल्याने. एकच सल्ला पहिल्याला वाचवतो आणि दुसऱ्याचा घात करतो, हे या विषयाचे मर्म आहे.

प्रथम उष्म्याविषयी. नाचताना स्नायूंत निर्माण होणारी उष्णता शरीर दोन मार्गांनी बाहेर टाकते. त्वचेकडे रक्तपुरवठा वाढतो आणि घाम येऊन वाळतो. एमडीएमए त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे पहिला मार्ग अरुंद होतो. खचाखच भरलेल्या, दमट आणि कोंदट दालनात घाम वाळत नाही, म्हणून दुसराही निकामी होतो. त्यातच ‘आता थांबावे’ ही शरीराची सूचना द्रव्याच्या अमलाखाली ऐकू येत नाही. प्रयोगशाळेत शांत बसलेल्या स्वयंसेवकांना ते दिले असता तापमान काही दशांश अंशांनीच वाढल्याचे दिसले आहे. म्हणजे गोळीइतकाच दोष परिस्थितीचाही असतो. ॲम्फेटामाइन दिलेले उंदीर एकेकटे ठेवण्याऐवजी दाटीवाटीने ठेवले तर अधिक संख्येने मरतात, हे मायकेल चान्स या ब्रिटिश संशोधकाने 1946 सालीच दाखवून दिले होते.

तापमान 40 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की हानीची साखळी सुरू होते. स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, त्यांतील प्रथिने मूत्रपिंडात अडकून ती बंद पडतात, रक्तवाहिन्यांत बारीक गुठळ्या होतात आणि गोठण्याचे घटक संपल्याने मग जागोजागी रक्तस्राव होतो. लंडनचे विषतज्ज्ञ डॉ. जॉन हेन्री यांनी 1992 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा मृत्यूंचे वर्णन केले. त्यांचे कारण नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट सेवन हे नव्हते, ही त्यातील अस्वस्थ करणारी बाब होती.

या मृत्यूंची चर्चा सुरू झाल्यावर ब्रिटनमध्ये, विशेषतः मँचेस्टरमध्ये, नृत्यगृहांसाठी काही नियम सुचविण्यात आले. थंड पाणी मोफत मिळावे, हवा खेळती असावी आणि विसाव्यासाठी गारव्याची वेगळी खोली असावी. हा सल्ला योग्यच होता. काही ठिकाणी मालक नळ बंद ठेवून बाटलीबंद पाणी चढ्या भावाने विकत असत, हे लक्षात घेतले की त्याची निकड कळते. मात्र तोंडोतोंडी पसरताना त्या सल्ल्याचे रूपांतर ‘भरपूर पाणी पी’ एवढ्या घोषणेत झाले. किती, केव्हा आणि कोणी, हा भाग वाटेत गळून पडला.

त्याची किंमत काय, हे 1995 साली दिसले. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील लॅचिंग्डन गावी लिया बेट्स या अठरा वर्षांच्या मुलीने 11 नोव्हेंबर रोजी घरीच झालेल्या वाढदिवसाच्या मेजवानीत एक गोळी घेतली. त्यानंतर सुमारे दीड तासात ती सात लिटरच्या आसपास पाणी प्यायली. ती बेशुद्ध झाली आणि 16 नोव्हेंबरला तिचा मृत्यू झाला. देशभर लागलेल्या फलकांनी दोष एका गोळीला दिला, पाण्याचा उल्लेखही केला नाही. चौकशीत मात्र मेंदूला आलेली सूज आणि पाण्याचा अतिरेक हे कारण पुढे आले. नुसती गोळी घेतली असती तर ती बहुधा वाचली असती आणि नुसते पाणी प्यायली असती तरी वाचली असती, अशा आशयाचे मत डॉ. हेन्री यांनी तेथे मांडले.

या दोन्हींचा संयोग घातक का ठरतो? निरोगी मूत्रपिंडे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. एमडीएमए मात्र व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढविते आणि ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवण्यास भाग पाडते. डॉ. हेन्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली आठ निरोगी पुरुषांना केवळ 47.5 मिलिग्रॅम मात्रा देऊन हा परिणाम दाखविला. तोंडाला पडणारी कोरड पिण्याची इच्छा वाढवते, ते वेगळेच. हिशेब सोपा आहे. साठ किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात साधारण तीस लिटर पाणी असते आणि रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरमागे 140 मिलिमोल धरू. त्यात तीन लिटर पाणी साचून राहिले तर हेच प्रमाण 127 वर घसरते. इतक्या झपाट्याने घसरण झाली की पाणी पेशींत शिरते. इतर अवयवांना फुगायला जागा असते. कवटीतील मेंदूला ती नसते. तरुण स्त्रियांना हा धोका पुरुषांहून अधिक असल्याचे आढळले आहे.

म्हणून हानी कमी करण्यासाठी काम करणाऱ्या संस्थांचा सल्ला आता मोजमापासह दिला जातो. द्रव्य न घेणे हाच एकमेव पूर्णपणे सुरक्षित मार्ग, हे त्या आधी सांगतात. तरीही कोणी घेतलेच, तर घाम गाळून नाचणाऱ्याने तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे आणि न नाचणाऱ्याने पाव लिटरच्या वर जाऊ नये. सोबत खारे काही खावे किंवा क्षारयुक्त पेय घ्यावे, मात्र अशी पेयेही अमर्याद प्यायल्यास धोका टळत नाही. अधूनमधून नाच थांबवून मोकळ्या हवेत बसावे. मद्य टाळावे. गोळीचा परिणाम जाणवला नाही म्हणून दुसरी घेऊ नये, कारण पीएमए नावाचे अधिक तापविणारे द्रव्य अशाच गोळ्यांत आढळले आहे आणि त्याचा अंमल उशिरा चढतो.

दोन्ही संकटांत माणूस गोंधळतो, त्यामुळे ओळख पटविणे अवघड जाते. अंग भट्टीसारखे तापलेले, स्नायू ताठर आणि बोलणे असंबद्ध असेल तर उष्म्याचा संशय घ्यावा. अशा वेळी घाम थांबलेला असेलच असे नाही. अंग तितके तापलेले नसताना डोके ठणकणे, वारंवार उलट्या, गुंगी आणि भरपूर पिऊनही लघवी न होणे ही पाण्याच्या अतिरेकाची खूण. आकडी दोन्हींत येऊ शकते. तापलेल्याचे जादा कपडे काढून अंगावर पाणी शिंपडावे आणि वारा घालावा. तापाच्या गोळ्या येथे उपयोगी पडत नाहीत, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. गुंगीत असलेल्याला पाणी पाजू नये, कुशीवर वळवून ठेवावे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. एमडीएमए जवळ बाळगणे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा असल्याने सोबतचे अनेकदा फोन करण्यास कचरतात आणि मोलाची वेळ दवडतात. रुग्णालयात काय घेतले, केव्हा घेतले आणि त्यानंतर अंदाजे किती पाणी पोटात गेले, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना स्पष्ट सांगाव्यात. तिसरी बहुतेक वेळा सांगायची राहते. तापलेल्या रुग्णाला शिरेतून भरपूर द्रव लागतो, तर सोडियम घसरलेल्याला नेहमीच्या सलाइनच्या बाटल्या भराभर चढविल्यास स्थिती बिघडू शकते. त्याला तीव्र क्षारांचे सलाइन अल्प प्रमाणात, रक्ततपासणी करीत द्यावे लागते.